किलकिले डोळे उघडायचे, पण माणूस तोच ठेवायचा

प्रश्न: काकांचा पंच्याहत्तरीचा फोटो आहे, भर दुपारच्या उन्हात काढलेला. हसताहेत छान, पण डोळे किलकिले झालेत आणि डावी पापणी मुळातच जरा खाली आहे. घरच्यांना १२×१८ ची फ्रेम करायचीय, "डोळे तेवढे जरा उघडे करा" म्हणतात. Photoshop च्या Liquify मध्ये Eye Size वाढवला की काका वेगळेच दिसतात, दचकल्यासारखे. मूळ डोळा न बदलता हे कसं करायचं? सोबत त्याच दिवशीचा मांडवातला आणखी एक फोटो जोडलाय.

उत्तर:

Eye Size ला हातच लावू नका. तो स्लायडर पापण्या उघडत नाही, अख्खा डोळा फुगवतो, बुबुळासकट. आणि गोची तिथेच होते. मोठ्या माणसाच्या बुबुळाची आडवी रुंदी जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते, साडेअकरा-बारा मिलिमीटरच्या आसपास. हा आकडा कुणाला पाठ नसतो, पण रोज माणसांचे चेहरे बघून नजरेला तो पक्का ठाऊक झालेला असतो. चेहऱ्याच्या मानाने बुबुळ जरा मोठं झालं की माणूस अनोळखी वाटायला लागतो, आणि नेमकं काय बिघडलं ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. Eye Height चं दुखणं थोडं वेगळं आहे. तो डोळा फक्त उभा ताणतो, त्यामुळे गोल बुबुळ अंड्यासारखं उभट होतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये "डोळे मोठे करा" म्हणून जे बटण असतं, ते याच दोन गोष्टी कमीजास्त प्रमाणात करतं.

डोळा उघडतो तेव्हा खरं काय होतं? बुबुळ जागचं हलत नाही, वाढतही नाही. फक्त पापणीची कड सरकते आणि आधी झाकलेला बुबुळाचा भाग दिसायला लागतो. आपल्यालाही एवढंच करायचं आहे: कड सरकवायची आणि खालून जे उघडं पडेल ते नीट भरायचं.

बुबुळ बदलत नाही याचा दुसरा फायदा म्हणजे तीच आपली मोजपट्टी. तुमच्या फाइलमध्ये Ruler Tool ने उजव्या बुबुळाची आडवी रुंदी मोजली तर ८४ पिक्सेल येते. म्हणजे या फोटोत १ मिलिमीटर म्हणजे साधारण ७ पिक्सेल. आता बाहुलीच्या मधोमध उभी रेघ धरून वरच्या पापणीच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत मोजा. उजवा डोळा ४२ पिक्सेल उघडा आहे, म्हणजे ६ मिलिमीटर. डावा ३२, म्हणजे साडेचार. तरुण माणसाचा आरामात उघडा असलेला डोळा नऊ-दहा मिलिमीटर असतो आणि वयाबरोबर वरची पापणी थोडी उतरते, हे धरलं तरी काकांचे दोन्ही डोळे बरेच मिटलेले आहेत.

तरीही लक्ष्य नऊ-दहा नाही. लक्ष्य काकांचा स्वतःचा डोळा आहे, आणि तो मांडवातल्या फोटोत आहे. तो फोटो जोडलात हे फार बरं केलंत. तिथे सावली आहे, ते कुणाशी तरी बोलताहेत, चेहरा मोकळा आहे. त्या फोटोचं माप वेगळं असल्यामुळे पिक्सेल थेट लावता येत नाहीत, गुणोत्तर काढावं लागतं: डोळ्याची उघडी उंची भागिले बुबुळाची रुंदी. उजव्याचं येतं ०.६८, डाव्याचं ०.५७. तुमच्या फाइलच्या मापात हे झाले ५७ आणि ४८ पिक्सेल. म्हणजे सावलीत, न हसता, काकांचे डोळे एवढे उघडे असतात आणि तेव्हाही डावा उजव्यापेक्षा ९ पिक्सेल कमीच असतो. हा ९ चा फरक महत्त्वाचा आहे. तो उन्हामुळे नाही, तो काकांचा आहे. गिऱ्हाईक "दोन्ही सारखे करा" म्हणालं तरी तो पुसायचा नाही, कारण घरच्यांनी गेली कित्येक वर्षं तोच चेहरा पाहिलाय. दोन्ही डोळे एका मापाचे केले की पहिली तक्रार त्यांच्याकडूनच येते.

मग ५७ आणि ४८ करायचे का? नाही, कारण फ्रेमच्या फोटोत ते हसताहेत. खरं हसू येतं तेव्हा डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळतो, गाल वर येतात आणि खालची पापणी वर सरकते. हसणाऱ्या चेहऱ्यावर खालची पापणी खाली ओढली की हसू फक्त ओठांवर उरतं, फोटोसाठी ओठ ताणल्यासारखं. म्हणून हसऱ्या फोटोत खालची पापणी जवळजवळ तशीच सोडायची आणि जे काय करायचं ते वरच्या पापणीत. माणूस हसत नसेल आणि नुसत्या उन्हाने डोळे बारीक केले असतील, तर मात्र खालच्या पापणीतूनही दोन-चार पिक्सेल घेता येतात. काकांसाठी मी उजवा ५० आणि डावा ४१ धरला. उजव्याची वरची पापणी ८ पिक्सेल वर, खालची जागच्या जागी. डाव्याची वरची ७ वर आणि खालची २ खाली. फरक ९ चा ९ राहिला.

८ पिक्सेल वाचून "एवढंच?" वाटेल. तुमची ४०००×६००० ची फाइल १२×१८ ला छापली की कागदावर हे जेमतेम ०.६ मिलिमीटर होतात. पण कागदावर बुबुळच साडेसहा मिलिमीटरच्या आत असतं, त्यामुळे चेहरा जागा झालेला लगेच कळतो. दचकल्यासारखं दिसणं सुरू होतं तेही असंच थोडक्यात. वरची पापणी नेहमी बुबुळाचा एक ते दोन मिलिमीटर भाग झाकून असते. बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसायला लागला की त्याला आपण डोळे वटारणं म्हणतो, आणि ते अगदी पिक्सेलभर दिसलं तरी नजरेला बोचतं.

Liquify उघडायच्या आधी एक काम करून घ्या. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं, भुवईच्या हाडाची सावली थेट पापणीवर आणि डोळ्याच्या वरच्या अर्ध्यावर पडते. पापणीची कड, केस आणि बुबुळ सगळं एकाच काळ्या पट्ट्यात जातं आणि डोळा आहे त्याहून मिटलेला दिसतो. Curves चा लेयर घ्या, मास्क काळा करा आणि फक्त डोळ्याच्या खाचेत मऊ ब्रशने उजेड आणा. तिथल्या अंधारातून बुबुळाचा रंग आणि पापणीची कड वेगवेगळी दिसेल इतपतच, त्यापुढे नाही. पुष्कळ फोटोंत "डोळे उघडे करा" ही मागणी निम्मी इथेच भागते. शिवाय कड दिसल्याशिवाय ती सरकवणारच काय? डोळ्याचा पांढरा भाग मात्र वेगळा उजळू नका. पंचाहत्तरीच्या माणसाचा तो भाग किंचित पिवळसर आणि लालसर असतोच. तो पांढराशुभ्र केला की बाकीचं कितीही नाजूक काम केलेलं असो, फोटो रिटच केलाय हे ओरडून सांगतो.

आता पापणी. मूळ लेयरची कॉपी करून ती आणि Curves चा लेयर मिळून एक Smart Object करा, म्हणजे Liquify मध्येही उजळलेली कड दिसेल, आणि मग Filter मधून Liquify उघडा. म्हणजे नंतर "जरा जास्त झालं" वाटलं तर परत आत जाऊन कमी करता येईल. Face Tool बाजूला ठेवा. आधी Freeze Mask Tool ने न हलणाऱ्या गोष्टी गोठवा: बुबुळाचा दिसणारा सगळा भाग, त्यातली बाहुली आणि चमक, डोळ्याचे दोन्ही कोपरे आणि भुवई. बुबुळ गोठवताना वरच्या पापणीच्या कडेला अगदी चिकटू नका, दोन-तीन पिक्सेल मोकळे सोडा. पापणीवरची जी घडी असते ती अर्धवट गोठवायची, म्हणजे त्या ब्रशचा Pressure ५० च्या आसपास ठेवून एकदाच फिरवायचा. याचं कारण असं की डोळा खरोखर उघडतो तेव्हा पापणीची कड वर जाते, पण घडी तितकी जात नाही. त्यामुळे कड आणि घडी यांच्यातली त्वचेची पट्टी अरुंद होते. दोन्ही सारख्याच वर ढकलल्या तर ती पट्टी तेवढीच राहते, घडी भुवईच्या जवळ जाते आणि चेहरा कुणी वरून ओढून धरल्यासारखा दिसतो.

Forward Warp Tool चा ब्रश ८० ते १०० पिक्सेलचा घ्या, Pressure २०–२५, Density ५० च्या आसपास. या फाइलमध्ये अख्खा डोळा साधारण २०० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे ब्रश अर्ध्या डोळ्याएवढा किंवा थोडा लहान. फाइल वेगळी असेल तर हे प्रमाण धरा, आकडा नाही. ब्रश यापेक्षा मोठा घेतला तर गोठवलेलं सोडून आजूबाजूची त्वचा सरकते. लहान घेतला तर पापणीची कड लाटांसारखी होते, आणि ती लाट स्क्रीनवर दिसली नाही तरी प्रिंटमध्ये दिसते.

ब्रशचा मध्य पापणीच्या केसांच्या मुळांवर ठेवून वर ढकला, एका झटक्यात नाही, छोट्या छोट्या हालचालींनी. सुरुवात कुठून करायची यालाही महत्त्व आहे. वरच्या पापणीचा सगळ्यात उंच बिंदू बाहुलीच्या बरोबर वर नसतो, तो किंचित नाकाच्या बाजूला असतो. खालच्या पापणीचा सगळ्यात खोल बिंदू उलट, कानाच्या बाजूला असतो. डोळ्याला जो तिरका, जिवंत आकार असतो तो या दोन बिंदूंच्या आडव्या फरकामुळे. बरेच जण वरची पापणी मधोमध ढकलतात, मग डोळा बदामी न राहता गोल वाटाण्यासारखा होतो. काकांच्या उजव्या डोळ्यात मी उंच बिंदूवर पूर्ण ८ पिक्सेल दिले, तिथून बाहेरच्या कोपऱ्याच्या निम्म्या वाटेवर ४–५, नाकाकडच्या निम्म्या वाटेवर ५, आणि दोन्ही कोपऱ्यांत शून्य. कोपरे हलवले तर डोळ्याचा तिरकेपणा बदलतो आणि मग तो त्या माणसाचा डोळा राहत नाही. माझ्या मते ओळख पटवण्यात कोपऱ्यांचा वाटा बुबुळानंतर सगळ्यात मोठा आहे.

डाव्या डोळ्यात एक गोष्ट नीट बघा. बाहेरच्या तिसऱ्या भागात जी कड दिसते ती पापणीची कड नाहीच, वरून उतरलेली सैल त्वचेची वळी आहे. पापणीचे केस तिच्या खाली गेलेत, फक्त टोकं दिसताहेत. उतारवयात हे अगदी नेहमीचं आहे. ही वळी वर ढकलली तर तिच्याखाली दाखवायला काहीच नाही, ना केस, ना कड. सगळं काढावं लागेल, आणि काढलेलं कळतं. मी तिथे वळी तशीच ठेवली, फक्त मधल्या आणि नाकाकडच्या भागात पापणी वर घेतली. वळी जिथे सुरू होते त्या जागी उंची हळूहळू शून्यावर आणायची, नाहीतर तिथे खाच पडते. तुमच्या काकांच्या डोळ्याचा स्वभावच त्या वळीत आहे, ती गेली तर दहा वर्षं कमी होतील आणि कुणी मागितलेलं नाही असं काहीतरी हातात येईल.

Liquify मधून बाहेर आलात की १०० टक्क्यांवर बघा. गोठवलेलं बुबुळ आणि वर गेलेली कड यांच्यामध्ये आठेक पिक्सेलची पट्टी ताणलेली दिसेल. खरं काम आता सुरू होतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

बुबुळ हे वर्तुळ आहे. उजव्या डोळ्यात पूर्वी पापणी बुबुळाच्या मध्यापासून २० पिक्सेल वर होती. ८४ पिक्सेल व्यासाच्या वर्तुळाची तिथली रुंदी येते साधारण ७४. आता पापणी २८ वर गेली, तिथे वर्तुळाची रुंदी ६३ हवी. म्हणजे वर जाता जाता बुबुळाची कड दोन्ही बाजूंनी पाच-साडेपाच पिक्सेल आत वळायला हवी. ताणलेली पट्टी मात्र ७४ च्या ७४ रुंद सरळ वर जाते. बुबुळ पापणीखाली गोल शिरण्याऐवजी नळकांड्यासारखं शिरतं, आणि डोळा "काचेचा" दिसतो. हे नुसत्या नजरेने जोखू नका. Ellipse Tool ने Shift दाबून ८४ पिक्सेलचं वर्तुळ काढा, आत रंग भरू नका, फक्त बारीक रेघ ठेवा, आणि खालच्या व बाजूच्या कडांना बरोबर बसवा. आता वर कुठे चुकतंय ते स्वच्छ दिसेल. नव्या रिकाम्या लेयरवर Clone Stamp घ्या, Sample मध्ये Current & Below ठेवा, आठ-दहा पिक्सेलच्या मऊ ब्रशने शेजारचा पांढरा भाग आणून दोन्ही कोपऱ्यांतला जादाचा काळा झाका. डाव्या डोळ्यात हाच हिशेब ८० वरून ७५ वर येतो, म्हणजे प्रत्येक बाजूला अडीच-तीन पिक्सेल, तिथे काम कमी आहे.

या वयात बुबुळाच्या कडेला बऱ्याचदा राखाडी-निळसर कडं असतं. काकांनाही आहे, खालच्या बाजूला स्पष्ट दिसतं. क्लोन करताना ते वरपर्यंत न्यायला विसरू नका. खाली राखाडी मऊ कड आणि वर काळी टोकदार कड असं झालं की जोड उघडा पडतो.

मग सावली. पापणी आणि तिचे केस डोळ्याच्या गोळ्यावर बारीक सावली टाकतात. पापणी वर सरकली तर सावलीही वर सरकायला हवी. ताणलेल्या पट्टीत ती पसरून फिकी झालेली असते. Multiply चा नवा लेयर घ्या, बुबुळाच्या वरच्या भागातला गडद तपकिरी रंग उचला, ५–६ पिक्सेलचा मऊ ब्रश पापणीच्या लगेच खालून कडेच्या वळणाने फिरवा आणि Opacity ३०–४० वर आणा. पांढऱ्या भागावरही ती हलकीशी जायला हवी, नुसती बुबुळावर नाही. ही सावली नसेल तर डोळा चिकटवल्यासारखा दिसतो. डोळ्यातली चमक आपण गोठवली होती, ती जिथे होती तिथेच ठेवा. वरच्या पापणीने ती अर्धी कापलेली असेल तर डोळा उघडल्यावर ती कापलेली कड उघडी पडते. तेव्हा तिचा आकार खालच्या अर्ध्यावरून पुरा करावा लागतो. नवी ठळक चमक घालायचा मोह टाळा, उन्हातल्या फोटोत ती दिशाच चुकते.

शेवटचं भुवयांचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. उन्हात डोळे बारीक करताना माणूस भुवया खाली आणि एकमेकींकडे ओढतो, मध्ये दोन उभ्या आठ्या पडतात. डोळे उघडे केले आणि आठ्या तशाच ठेवल्या तर तोच चेहरा रोखून बघणाऱ्या, रागावलेल्या माणसाचा होतो. उलट ज्याची पापणी उतरलेली असते तो ती वर धरण्यासाठी नकळत त्या बाजूची भुवई उचलतो. काकांची डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे, ती याचमुळे. पापणी उघडी केली आणि भुवई उचललेलीच ठेवली की झालं दचकल्यासारखं. तुम्हाला जो दचकलेपणा दिसला तो काही अंशी Eye Size चा होता आणि काही अंशी या भुवईचा असणार. म्हणून परत Liquify मध्ये जा, भुवईवरचा Freeze काढा, मोठा ब्रश घ्या आणि डावी भुवई फक्त ३ पिक्सेल खाली आणा. उजवीच्या पातळीला आणू नका. हे सगळं खरं तर वरचे क्लोनचे लेयर करायच्या आधी उरकलेलं बरं, कारण Liquify बदललं की त्यावर केलेलं क्लोनचं काम जागेवरून सरकू शकतं. मी समजावण्यासाठी इथे शेवटी सांगितलं, करताना पापणीबरोबरच करून टाका. आठ्यांसाठी वेगळ्या लेयरवर Healing Brush फिरवा आणि त्या लेयरची Opacity ४०–५० ठेवा. पूर्ण पुसू नका, पंचाहत्तरीच्या कपाळावर आठी नसणं हे आठी असण्यापेक्षा जास्त खटकतं.

तपासणीसाठी दोन गोष्टी पुरेत. Image Rotation मधून फोटो आडवा उलटा करून बघा. नजरेला सवय झालेली असते, ती उलट्या चेहऱ्यावर मोडते आणि एखादी पापणी जास्त गेली असेल तर लगेच दिसते. दुसरं, पडद्यावर फोटो प्रत्यक्ष छापायच्या आकाराएवढा करून हातभर अंतरावरून बघा. ३०० टक्क्यांवर काम करणाऱ्याला ८ पिक्सेल नेहमी कमी वाटतात आणि तो १५ करून बसतो. जास्त झालंय असं वाटलं तर Liquify मधलं Reconstruct बटण दाबून स्लायडर ८० वर आणा, सगळी सरकवण एकदम थोडी सैल होते. असं सैल केल्यावर वरचं क्लोनचं काम मात्र पुन्हा तपासा.

घरच्यांना दाखवताना आधीचा-नंतरचा शेजारी ठेवू नका. फक्त नवा दाखवा आणि काही न सांगता विचारा, कसा आलाय. "डोळ्यांना काहीतरी केलंय का?" असं आलं तर पहिला संशय वरच्या सावलीवर आणि नळकांड्यावर घ्या, पापणी किती उचलली त्यावर नाही. "अजून थोडे उघडा" असं आलं तर उजवा ५३ आणि डावा ४४ पर्यंत जाता येईल, त्यापुढे या फोटोत तपशीलच नाही. पापणीखाली काय आहे ते कॅमेऱ्याने टिपलेलंच नाही, आणि दहा-अकरा पिक्सेलच्या पुढे ताणलेली पट्टी क्लोनने झाकत बसण्यापेक्षा दुसऱ्या फोटोतून डोळा आणणं सोपं.

त्या वाटेबद्दलही सांगतो, कारण तुमच्याकडे मांडवातला फोटो आहेच आणि तुमच्या मनात तो विचार येईल. पापणीने बाहुली झाकली असेल, म्हणजे अर्धवट उघडझाप टिपली गेली असेल, तर दुसऱ्या फोटोतला डोळा लावणं हाच उपाय, Liquify नाही. पण त्यासाठी तो फोटो त्याच जागी, त्याच उजेडात, एकापाठोपाठ काढलेला हवा आणि नजर त्याच दिशेला हवी. मांडवातला डोळा सावलीतला आहे: उजेड बाजूने, बाहुली मोठी. तो उन्हातल्या चेहऱ्यावर बसणार नाही. त्याचा उपयोग मोजमापापुरताच. एकाच रांगेतला दुसरा फोटो मिळाला तर आणताना बुबुळाची रुंदी ८४ ला जुळवून माप बसवा, पापणीच्या घडीपासून खालच्या पापणीच्या खालपर्यंतचा सगळा भाग एकत्र घ्या आणि मास्कची कड त्वचेवर विरघळवा, पापणीच्या केसांवर कधीच नाही. उजवा डोळा उलटा करून डाव्याच्या जागी लावायची युक्ती काही ठिकाणी शिकवतात. ती इथे तर चालणारच नाही: चमक आणि सावली चुकीच्या बाजूला जाते, शिवाय डाव्या डोळ्याचं जे वेगळेपण जपायचं तेच जातं.

एक बाजूची गोष्ट. काकांची डावी पापणी जुन्या फोटोंतही अशीच आहे का, हे घरच्यांना सहज विचारा. वर्षानुवर्षं तशीच असेल तर काही नाही. पण एखाद्याच्या जुन्या फोटोंत दोन्ही डोळे सारखे असतील आणि पापणी हल्ली अचानक उतरली असेल, सोबत एकाचे दोन दिसत असतील किंवा बाहुल्या लहानमोठ्या असतील, तर फ्रेमचं नंतर बघू, आधी डॉक्टरला दाखवायला सांगा. आणि हाच फोटो कुणी उद्या पासपोर्टसाठी किंवा ओळखपत्रासाठी मागितला तर डोळ्यांना हात न लावलेला मूळ फोटोच द्या.

Smart Object आणि क्लोनचे लेयर न सपाट करता पीएसडी जपून ठेवा. प्रिंटला द्यायची प्रत वेगळी काढा आणि शार्पनिंग तिच्यावर करा, डोळ्याभोवती मास्क लावून थोडं कमीच. पूर्ण ताकदीने केलं तर क्लोन केलेल्या कडेभोवती पांढरी किनार उठते आणि ती १२×१८ वर हमखास दिसते.